उसाच्या ट्रॉलीमागे एकशे अठ्ठ्याऐंशी वॉट

टँडेम म्हणजे दोन जणांची एक सायकल. पुढे बसणारा रस्ता पाहतो, हँडल, ब्रेक आणि गिअर त्याच्याकडे असतात. मागे बसणारा फक्त पॅडल मारतो. दोन्हीकडची पॅडल एकाच साखळीने जोडलेली असल्याने दोघांचे पाय एकाच वेळी फिरतात आणि एकाच वेळी थांबतात. एकाला वाटलं म्हणून थांबता येत नाही.

आमच्या टँडेमवर मागे बसणारे सर नगरच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवत. कॉलेजात असतानाच त्यांची दृष्टी गेली होती. पुढे मी असे. मी वर्तमानपत्राच्या डेस्कवर काम करतो. ते मला संपादक म्हणत. मी संपादक नाही हे त्यांना माहीत होतं.

टँडेम आमची नव्हती. पुण्याच्या एका सायकल गटाने ती वापरायला दिली होती. अट एकच होती: हंगामातली दोनशे किलोमीटरची राइड वेळेत पूर्ण करायची. ती केली तर सायकल सरांकडे राहील, नाही तर रांगेत असलेल्या दुसऱ्या कुणाकडे जाईल. जिल्ह्यात दुसरी टँडेम असल्याचं आमच्या ऐकिवात नव्हतं. ती गेली असती, तर सरांचं सायकल चालवणं संपणार होतं. त्याआधी वीस वर्षं ते चालवतच नव्हते, हेही ते मधूनमधून सांगत. तक्रार म्हणून नाही, माहिती म्हणून.

राइडचा रस्ता नगरहून निघून घाट उतरत होता, पूर्वेच्या बाजूला फिरून त्याच घाटाने वर येत होता. चढ चार किलोमीटरचा, जवळजवळ सगळीकडे सारखा, शंभर मीटरला सहा मीटर. माथ्यावर एका हॉटेलात कंट्रोल, म्हणजे कार्डावर शिक्का मिळण्याची जागा. ते साडेतीनला बंद होणार होतं. शिक्का चुकला की राइड बाद. सपाटीवर आमची चिंता नव्हती. दोघांची ताकद आणि एकाच माणसाएवढा वारा, त्यामुळे सपाटीवर टँडेम एकट्याच्या सायकलपेक्षा जोरात जाते. चढावर वाऱ्याचा प्रश्न उरत नाही, फक्त वजन उरतं.

म्हणून आम्ही वजन केलं. आधी ट्रक तोलायच्या भुईकाट्यावर गेलो, पण तो दहा-दहा किलोंच्या टप्प्याने आकडा दाखवतो. मग घोडेगावला कांद्याच्या एका आडतीवरचा इलेक्ट्रॉनिक काटा मिळाला. लिलाव उरकले होते. आम्ही दोघं सायकल धरून काट्यावर उभे राहिलो. तिथला हमाल आकडा वाचायच्या आधी आमच्याकडे बघत राहिला.

"गोनीबिगर मोजायचं का?" त्याने विचारलं.

"हो, मालच आहे सगळा," सर म्हणाले.

"म्होरला एक नंबर हाय. मागचा गोल्टी."

"मागचा गोल्टी असला तरी टिकाऊ आहे म्हणावं," सर म्हणाले. गोल्टी म्हणजे प्रतवारीत खालचा, आकाराने लहान कांदा. सर माझ्यापेक्षा बुटके होते.

काट्यावर एकशे त्रेसष्ट आले. पाणी, बॅग, हवा भरायचा पंप, ट्यूब, खाणं मिळून नऊ किलो धरले. एकूण एकशे बहात्तर. चढाच्या हिशेबात धरायचं ते हेच वजन. बरेच जण आपलंच वजन धरतात, सायकल आणि बाटल्या विसरतात, आणि मग घाट कागदापेक्षा जड लागतो.

बाकीचा हिशेब सरांनी तोंडी केला. एकशे बहात्तर किलोंना खाली ओढणारं बल सुमारे सोळाशे सत्त्याऐंशी न्यूटन. त्यातलं सहा टक्के चढासाठी आणि टायरच्या घर्षणासाठी सात दशांश टक्का, मिळून सहा पूर्णांक सात. म्हणजे एकशे तेरा न्यूटन. सेकंदाला एक मीटर चढायचं तर एकशे तेरा वॉट लागणार. ताशी किलोमीटरमध्ये सांगायचं तर दर किलोमीटरला साडेएकतीस वॉटपेक्षा किंचित कमी. एवढ्या कमी वेगाला हवेचा अडथळा एखाद-दुसरा टक्का असतो, तो सोडून दिला.

"म्हणजे वॉटला साडेएकतीसने भागायचं," सर म्हणाले. "संपादकांनाही जमेल."

मागच्या चाकाच्या मधोमध, हबमध्ये, वॉट मोजणारं यंत्र होतं. साखळीतून चाकापर्यंत पोचलेली दोघांची मिळून ताकद ते दाखवी. चार तासांनंतरही आम्ही दोघं मिळून अडीचशे वॉट अर्धा तास टिकवू शकतो, हे सरावात बऱ्याचदा पाहिलं होतं. अडीचशे भागिले साडेएकतीस म्हणजे ताशी आठ. चार किलोमीटरला अर्धा तास. यात घासाघीस करायला जागा नव्हती. बॅगेतले दोन किलो कमी केले असते, तर तीस मिनिटांत वीस सेकंदं वाचली असती.

सरांच्या फोनवर हे वॉट बोलून दाखवणारी सोय होती. एका कानात इअरफोन घालून ते आकडा ऐकत आणि मला सांगत. माझ्यासमोर फक्त वेग आणि घड्याळ होतं. दोन्ही आकडे एकमेकांना धरून चालत. ते दोनशे पन्नास म्हणाले की माझ्यासमोर आठ असे. ते दोनशे वीस म्हणाले की सात.

राइड शनिवारी होती. सरांचं रविवारी चर्च असे, त्यामुळे रविवारची राइड चालली नसती. घाटाच्या पायथ्याशी आलो तेव्हा कंट्रोल बंद व्हायला बत्तीस मिनिटं होती. हिशेबाने दोन मिनिटं शिल्लक. सरांना सांगितलं.

"पुरे," ते म्हणाले.

पहिला दीड किलोमीटर हिशेबासारखा गेला. सर दोनशे अठ्ठेचाळीस, दोनशे त्रेपन्न असे आकडे सांगत होते. घाटात झाडं थोडी, एका बाजूला कापलेला डोंगर, दुसऱ्या बाजूला कठडा. मग वळणापलीकडून ट्रॅक्टरचा आवाज आला. मला तो दिसण्याआधी सरांनी ओळखला.

"ओढतोय," ते म्हणाले. "भरलेला आहे."

ट्रॅक्टरच्या मागे उसाच्या दोन ट्रॉल्या होत्या. कारखाना घाटावर, ऊस घाटाखालचा. मागच्या ट्रॉलीवर ऊसतोडीच्या दोन बाया बसल्या होत्या. रस्त्याच्या डाव्या बाजूला मोळ्यांची टोकं कठड्यापर्यंत आलेली. डावीकडून वाट नव्हती. उजवीकडे समोरून येणाऱ्यांचा रस्ता होता. मी ब्रेकवर बोट ठेवलं. वेगाच्या आकड्यावर सहा आले.

"एकशे नव्वद," सर म्हणाले. "काय झालं?"

मी सांगितलं.

"ओलांडायला किती?"

"ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्या, आपण आणि थोडं अंतर. तीस मीटर."

"आपण आठ, तो सहा. फरक ताशी दोन," सर म्हणाले. "चौपन्न सेकंद. तेवढा वेळ उजवीकडे."

"पुढचं वळण सत्तर-ऐंशी मीटरवर आहे."

"मग नाही."

वरून एका बाईने विचारलं, "ओ दादा, दोघं असून बी मागंच?"

"तुमी दोघी उतरा, मग बघा," सर म्हणाले.

"आमी उतरलो तर ऊस कोन धरील?" ती हसली. मग दोर दाखवत म्हणाली, "ह्ये धरा की. वडीत न्हेतो वर."

दोर धरणं राइडच्या नियमात बसत नव्हतं. बसलं असतं तरी उपयोग नव्हता. दोर धरून आम्हाला ट्रॅक्टरचाच वेग मिळणार होता, आणि अडचण तीच होती. पायांना विसावा मिळाला असता, वेळ मिळाला नसता.

मी ड्रायव्हरला हाक मारून बाजूला घ्यायला सांगितलं. तो मागे न बघता ओरडला, "चढाला थांबलो तर पुन्ना उचलत न्हाई. मागं येईल समदं."

ते खरं होतं. सरांनी मागे बसल्या बसल्या त्याचा हिशेब काढला. पन्नास हॉर्सपॉवरचा ट्रॅक्टर असेल तर चाकापर्यंत तीस हजार वॉट. ट्रॅक्टर, ट्रॉल्या आणि ऊस धरून पंचवीस टन. चढ सहा टक्के, आणि भरल्या चाकांचं घर्षण आमच्या दुप्पट, दीड टक्का. मिळून साडेसात.

"सेकंदाला एक पूर्णांक सहा मीटर," ते म्हणाले. "म्हणजे ताशी सहाला थोडं कमी. तो काही आळस करत नाही, संपादक. त्याच्या वजनाला त्याची ताकद एवढंच देते."

"आपल्याला काय त्याचं?"

"काही नाही. तो काही वेग वाढवणार नाही, एवढंच."

पाचशे मीटर असेच गेले. पंधरा मिनिटं पंचेचाळीस सेकंद उरली होती आणि रस्ता दोन किलोमीटर. मोकळा मिळाला असता तर पंधरा मिनिटं लागली असती. त्या ठिकाणी घाटात दोनशे मीटरचा सरळ तुकडा येतो. चढावर आमच्या माहितीतला तेवढा एकच.

समोर काही नव्हतं. दोनशे मीटरवर ताशी चाळीसने येणारी गाडी दिसली, तर तिची आणि आमची गाठ पडायला चौदा सेकंद. चौदा सेकंदांत तीस मीटर पुढे जायचं तर ताशी चौदाच्या जवळ पोचायला हवं होतं. साडेएकतीस गुणिले चौदा, चारशे चाळीस वॉट. दोघांनी मिळून ते शक्य होतं. मी सरांना विचारलं नाही, फक्त सांगितलं, "गिअर एक जड. मग पूर्ण."

जोडसायकलवर गिअर बदलताना क्षणभर पायांचा जोर काढावा लागतो, नाही तर साखळी तुटते. दोघांनी एकदम जोर काढला, गिअर बसला, दोघांनी एकदम दाबलं. मी उजवीकडे घेतलं.

"तीनशे साठ," सर म्हणाले. "चारशे. चारशे दहा."

माझ्यासमोर साडेबारा आले. आम्ही मागच्या ट्रॉलीच्या चाकाशी होतो. बाया उसावरून खाली वाकून बघत होत्या. वरच्या वळणातून एस.टी. आली. ती अजून दूर होती. ओलांडून होईल का, याचा हिशेब करायला लागणारा वेळ हिशेबात धरलेला नव्हता. मी ब्रेक लावला, ट्रॉलीच्या मागे आलो. एस.टी. हॉर्न न वाजवता शेजारून गेली.

"सोडलं?" सरांनी विचारलं.

"बस होती."

"बरं."

त्यानंतर सरळ तुकडा नव्हता. दोन किलोमीटर, ताशी सहा, वीस मिनिटं. हातात पंधराच. आम्ही चार-पाच मिनिटं उशिरा पोचणार हे आम्हाला वीस मिनिटं आधी कळलं होतं. त्या वीस मिनिटांत करण्यासारखं काही नव्हतं. थांबता येत होतं, पण थांबून काय करायचं हे सांगता येत नव्हतं. ट्रॅक्टरचा धूर येत होता. उसाचा पाला सुटून हँडलवर पडत होता.

"एकशे अठ्ठ्याऐंशी," सर दर थोड्या वेळाने म्हणत. "एकशे शहाऐंशी. एकशे अठ्ठ्याऐंशी." आमच्याकडे आणखी साठ वॉट होते आणि ते खर्चायला जागा नव्हती. शेवटी मी त्यांना आकडा सांगू नका म्हणालो. ते थांबले. इअरफोन मात्र काढला नाही.

माथ्यावर पोचलो तेव्हा तीन चौतीस झाले होते. कंट्रोलवर लष्करातून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते. त्यांनी घड्याळ पाहिलं, कार्डावर वेळ लिहिली, शिक्का मारला नाही.

"चार मिनिटांसाठी मी खोटं लिहायचं, की तुम्ही खोटं घ्यायचं?" त्यांनी विचारलं.

"दोन्ही नको," सर म्हणाले. "चहा मिळेल का?"

चहा मिळाला. टँडेम कोणाच्या गाडीत मावत नव्हती, म्हणून पुढची राइड आम्ही शिक्क्याविना पूर्ण केली. एकूण वेळेत तासभर शिल्लक ठेवून नगरला आलो. त्याची नोंद कुठे झाली नाही.

सोमवारी पुण्याहून फोन आला. सायकल देणाऱ्या गटाचे समन्वयक बोलत होते. सभ्य माणूस. यंत्राने नोंदवलेली राइडची फाइल त्यांनी उघडून पाहिली होती.

"घाटात पहिला दीड किलोमीटर अडीचशे वॉट," ते म्हणाले. "मग मध्ये एकदा चारशेचा झटका, आणि शेवटपर्यंत एकशे अठ्ठ्याऐंशी. सर दमले का?"

"ट्रॅक्टर होता."

"फाइलमध्ये वॉट पडलेत आणि वेगही त्याच प्रमाणात पडलाय. तुमच्या वजनाला एकशे अठ्ठ्याऐंशी वॉटला सहाच येतात. हिशेब बरोबर जुळतो."

"जुळणारच. वेग ट्रॅक्टरने ठरवला, वॉट त्याच्या मागून आले."

"ते मी समजू शकतो. पण गणिताला तेवढं कळत नाही ना. वॉट कमी म्हणून वेग कमी, की वेग अडला म्हणून वॉट कमी, आकडे तेच येतात. आणि तो झटका. दमलेला माणूस शेवटचं एकदा जोर लावतो, तसा दिसतो."

माझ्या छातीला नाडी मोजणारा पट्टा होता. ट्रॅक्टरमागे माझे ठोके उतरले होते. ते मी सांगितलं. दमलेल्या माणसाचे ठोके असे उतरत नाहीत.

"म्हणजे तुम्ही विसावलात," ते म्हणाले. "सरांबद्दल त्यातून काही निघत नाही."

सरांनी पट्टा लावला नव्हता. दोन जणांची बेरीज एका हबमध्ये जाते. बेरजेतून मागचा वेगळा काढता येत नाही.

समन्वयकांनी एक सवलत दिली. येत्या रविवारपर्यंत तोच घाट पुन्हा चढायचा, अर्ध्या तासात, आणि फाइल पाठवायची. त्यानंतर सायकल न्यायला टेम्पो येईल किंवा येणार नाही. मी सरांना सांगितलं. ते वर्गातून नुकतेच बाहेर आले होते, हाताला खडू होता. दिसत नसताना ते फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहीत, मुलं ओळ सरळ करायला सांगत.

"गाळप चालू आहे," ते म्हणाले.

गाळपाच्या हंगामात कारखाना थांबत नाही. उसाचे ट्रॅक्टर दिवसा आणि रात्रीही चालतात. शुक्रवारी त्यांना दुपारनंतर तास नव्हते, मी रजा टाकली. आम्ही नगरहून टँडेमवरच निघालो, घाट उतरलो आणि पायथ्याच्या चहाच्या टपरीपाशी थांबलो.

हिशेब साधा होता. ट्रॅक्टरला चार किलोमीटर चढायला चाळीस मिनिटं लागतात, आम्हाला तीस. ट्रॅक्टर घाटात शिरल्यावर दहा मिनिटांच्या आत आम्ही निघालो, तर वाटेत त्याला गाठणार आणि त्याच्या मागे अडकणार. म्हणजे शेवटचा ट्रॅक्टर गेल्यावर दहा मिनिटं दुसरा येता कामा नये. नंतर आमच्या मागून आला तर हरकत नव्हती.

पहिला गेला. सात मिनिटांनी दुसरा आला. मग दोन लागोपाठ. कारखान्यावर ट्रॅक्टरला नंबर मिळतो, आणि नंबरसाठी एका तोडणी टोळीचे ट्रॅक्टर एकत्र निघतात. मी एकाला हात केला. दहा मिनिटं टपरीवर थांबाल का, चहा आमच्याकडून, असं विचारलं.

"कशापायी?" तो म्हणाला.

मी कारण सांगितलं. त्याने टँडेमकडे पाहिलं, मग सरांकडे.

"लई बरं झालं असतं बगा," तो म्हणाला. "पन नंबर जाईल. मागं रातभर उबं ऱ्हावं लागंल."

तो गेला. सर टपरीच्या बाकावर घाटाकडे कान करून बसले होते. मला फक्त पहिलं वळण दिसत होतं. त्यांना वरचं ऐकू येत होतं.

"एक दुसऱ्या वळणावर आहे," ते म्हणाले. "एक बराच वर."

"आणि खाली?"

ते गावाकडे वळले. "येतोय."

टपरीवाला म्हणाला, "मंगळवारी कारखाना साफसफाईला बंद हाय, सर. मंगळवारी या." मंगळवार रविवारनंतर येत होता. सरांनी त्याला हो म्हटलं.

एकदा आठ मिनिटं कोणी आलं नाही. आम्ही सायकलवर बसलो, एक पाय जमिनीवर. नवव्या मिनिटाला गावाकडून आवाज आला आणि आम्ही उतरलो. पाय थंड पडत होते. थंड पायांनी अडीचशे वॉट पहिल्या मिनिटापासून येत नाहीत, त्यासाठी मागे सपाटीवर दोन किलोमीटर जाऊन यावं लागलं असतं. तेवढ्यात आणखी एखादा शिरला असता. शनिवारी सरांच्या महाविद्यालयात परीक्षा होती, माझी पान लावायची पाळी होती, आणि रविवारी ते निघणार नव्हते. हे दोघांनाही माहीत होतं.

ऊन उतरायला लागलं. परतीला दुसरा रस्ता नव्हता. घर घाटावर होतं. टँडेमला पुढे दिवा होता, पण अंधारात त्या घाटात मी सरांना घेऊन चढणार नव्हतो. ते त्यांनाही ठाऊक होतं.

"किती वेळ आहे उजेड?" त्यांनी विचारलं.

"तासभर."

"शेवटचा गेला त्याला?"

"चार मिनिटं."

त्यांनी चहाचा ग्लास ठेवला आणि काठी दुमडून बॅगेत घातली. मग हात लांब करून मागची सीट शोधली.

"चला," ते म्हणाले. "घरी तर जायचंय."

मी यंत्र चालू करून विचारलं, नोंद ठेवायची का. ते म्हणाले, ठेवा, खोटी थोडीच आहे. आम्ही निघालो. पहिला किलोमीटर ताशी आठने गेला. त्यांनी आकडा सांगितला, दोनशे एक्कावन्न. दुसऱ्या किलोमीटरच्या आत पुढच्या वळणावर ट्रॉलीची मागची बाजू दिसली. मी गिअर हलका करतोय असं सांगितलं, आणि त्यांनी पायाचा जोर काढला.